सांडलेलं नेलपॉलिश आणि टेबलाची चमक

नेलपॉलिश टेबलावर सांडून वाळलं की बहुतेक घरांत हात आपोआप रिमूव्हरच्या बाटलीकडे जातो. टेबल सनमायकाचं असेल तर त्यात फारसं बिघडत नाही. पण ते जुनं सागवानी, फ्रेंच पॉलिश केलेलं असेल, तर लाल ठिपका पाच मिनिटांत जातो आणि त्याच्या जागी तळहाताएवढा फिकट, चिकट चट्टा उरतो. त्यापेक्षा ठिपका बरा होता, असं मग घरातलं कुणीतरी म्हणतंच. दोन्हीकडे रिमूव्हर तोच, कापूस तोच. फरक पडला तो ठिपक्याखाली काय होतं त्याचा. त्यामुळे नेलपॉलिश कशाने निघतं हे विचारण्याआधी ते कशावर बसलंय हे बघायला हवं. हे एकदा नक्की झालं की पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे.

नेहमीचं, म्हणजे दिव्याखाली न सुकवता हवेत वाळणारं नेलपॉलिश मुख्यतः नायट्रोसेल्युलोज या पदार्थाचं बनतं. कापसातल्या किंवा लाकडातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून तो तयार करतात. इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट या द्रावकांत तो विरघळवायचा, पापुद्रा लवचीक राहावा म्हणून थोडा प्लास्टिसायझर घालायचा, चिकटपणासाठी रेझिन आणि रंगासाठी रंगद्रव्य मिसळायचं, की बाटली भरली. वाळताना यात कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. द्रावक उडून जातात आणि पापुद्रा मागे राहतो, इतकंच. म्हणून कालचा ठिपका असो की दहा वर्षांपूर्वीचा, त्याला योग्य द्रावक मिळालं की तो पुन्हा पातळ होतो. रिमूव्हर नखावर जे करतो ते हेच.

गोची अशी की हाच नायट्रोसेल्युलोज फर्निचरवरही असतो. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीने मोटारींसाठी झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग बाजारात आणला, त्याचं नाव ड्युको. आपल्याकडे कपाटांना आणि दारांना स्प्रेने मारतात त्या रंगाला कारागीर अजूनही ड्युकोच म्हणतात. लाकडाची नस दिसावी म्हणून मारतात तो पारदर्शक एनसी लॅकर म्हणजे रंगद्रव्य काढून घेतलेला त्याचाच भाऊ. अशा टेबलावर नेलपॉलिश सांडतं तेव्हा वरचा थर आणि खालचा थर एकाच कुळातले असतात. ओल्या नेलपॉलिशमधलं द्रावक खालच्या लॅकरलाही मऊ करतं, आणि वाळेपर्यंत दोघांची सरमिसळ झालेली असते. त्यानंतर त्यातलं एक विरघळवून दुसरं तसंच ठेवणारं द्रावक कुठल्याच दुकानात मिळत नाही.

फ्रेंच पॉलिशची गोष्ट थोडी वेगळी. ते लाखेचं असतं. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापसाच्या बोळ्याने लाकडावर घासून एकावर एक अतिशय पातळ थर चढवतात. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, त्यामुळे अल्कोहोल असलेली कुठलीही गोष्ट या थराची शत्रू. परफ्यूम, सॅनिटायझर, डिओडरंट, सगळंच त्यात आलं. करोनाच्या काळात जुन्या टेबलांवर सॅनिटायझरच्या बाटलीच्या बुडाची पांढरी वर्तुळं उमटली, ती अशीच. नेलपॉलिश काढायला परफ्यूम किंवा हेअरस्प्रे मारा, असं कुणी सुचवलं तर आपल्या टेबलावर लाख आहे का हे आधी विचारावं.

तिसरा गट मेलामाइन पॉलिश आणि दोन डब्यांतून मिसळून मारतात त्या पीयूचा. हे थर नुसते वाळत नाहीत, ते पिकतात. वाळताना त्यांच्या रेणूंची आपसांत जाळी विणली जाते आणि मग ते कुठल्याही द्रावकात पुन्हा विरघळत नाहीत. ॲसिटोनमध्ये बराच वेळ भिजले तर फुगतात, मऊ होतात, त्यांची चकाकी जाते. पण काही सेकंदांचा स्पर्श त्यांना सहज सोसतो, आणि आपल्याला नेमकी तेवढीच फट हवी असते.

लॅमिनेट म्हणजे या जाळीचं टोक. खाली फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले जाड तपकिरी कागद, त्यावर मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला छापील कागद, आणि हे सगळं उष्णता आणि प्रचंड दाब देऊन एकजीव केलेलं. घरात येतो तो पत्रा साधारण 0.8 किंवा 1 मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या पृष्ठभागाला ॲसिटोनचं भय नाही. भय असतं ते घासण्याचं. ते कसं, ते पुढे येईलच.

तर पहिलं काम ओळख पटवण्याचं. टेबलाच्या कडेला डोळा नेऊन वरच्या पत्र्याचा काठ बघा. रंगीत पृष्ठभागाच्या लगेच खाली तपकिरी किंवा काळपट बारीक रेघ दिसली तर ते लॅमिनेट. ती रेघ म्हणजे फिनॉलिक कागदांचा गठ्ठा. काठावर प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असेल तर रेघ झाकली जाते. मग लाकडाची नक्षी बघायची. तीच गाठ, तोच वळसा हातभर अंतरावर जसाच्या तसा पुन्हा आला तर ती छपाई आहे. खऱ्या लाकडाची नस टेबलाच्या तोंडावरून काठावर उतरते आणि तिथे तिचं रूप बदलतं.

लाकूड असेल तर त्यावरचं पॉलिश कोणतं, हे इअरबडने कळतं. त्यासाठी सहज न दिसणारी पण पॉलिश केलेली जागा हवी. टेबलाच्या पाटाची खालची बाजू बऱ्याचदा कोरीच ठेवलेली असते, तिथे ही चाचणी फुकट जाते. पायाची आतली बाजू बरी. सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडला लावायचं, थेंब गळेल इतकं नाही, आणि ते टोक दहा-पंधरा सेकंद तिथे टेकवून ठेवायचं. उचलताना चिकटल्यासारखं वाटलं आणि कापसाला तांबूस-पिवळा रंग आला तर लाख. काहीच झालं नाही तर थोडं सरकून दुसऱ्या जागी हाच प्रयोग ॲसिटोनने करायचा. काही सेकंदांत चिकट झालं तर लॅकर. अर्ध्या मिनिटानेही पृष्ठभाग कडक आणि चकचकीत राहिला तर मेलामाइन किंवा पीयू. आजी-आजोबांच्या काळातलं फर्निचर बहुधा लाखेचं आणि कारखान्यातून तयार आलेलं बहुधा पीयूचं किंवा लॅमिनेटचं, असा ठोकताळा आहे. पण जुन्या टेबलाला मध्येच कधीतरी नवं पॉलिश झालेलं असतं, त्यामुळे ठोकताळ्यापेक्षा इअरबडवर विश्वास ठेवलेला बरा.

लॅमिनेटचं काम सोपं, म्हणून ते आधी.

ठिपक्याभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. या धुळीतले वाळूचे कण नंतर कापसाखाली येतात आणि ओरखडे काढतात. मग जुन्या एटीएम कार्डाची कड अगदी आडवी धरून ठिपक्याच्या काठाखाली घालायची आणि ढकलायची. लॅमिनेटच्या गुळगुळीत पृष्ठभागाला नेलपॉलिश फारसं धरून राहत नाही. जाड ठिपका असेल तर त्याचा मोठा पापुद्रा एकदम सुटून येतो आणि तेव्हा फार बरं वाटतं. सुटत नसेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा वीस-तीस सेकंद द्यायची. हाताला सोसेल इतपतच, कारण पत्रा टिकला तरी त्याखालचा गोंद उष्णतेने सैल होऊ शकतो. ड्रायर वापरायचा तो रिमूव्हरची बाटली उघडण्याआधी, नंतर नाही. ॲसिटोनची वाफ चटकन पेटते.

उरलेल्या पातळ थरासाठी ॲसिटोन. इअरबड किंवा पांढरा कापूस ओलसर करून ठिपक्यावर टेकवायचा, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, आणि किंचित पीळ देऊन वर उचलायचा. पुसायचा मात्र नाही. पुसलं की विरघळलेला रंग चौफेर पसरतो आणि पांढऱ्या लॅमिनेटवर गुलाबी सावली उरते. दर वेळी कोरा कापूस, आणि दिशा काठाकडून मध्याकडे. कापूस स्वच्छ येऊ लागला की लगेच भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्याने ती जागा पुसून कोरडी करायची.

ही शेवटची धुलाई अनेक जण गाळतात, आणि मग टेबल मंद पडलं म्हणून हळहळतात. बऱ्याच रिमूव्हरमध्ये नखं कोरडी पडू नयेत म्हणून तेल किंवा ग्लिसरिन घातलेलं असतं, शिवाय रंग आणि वास. ॲसिटोन उडून गेलं की हे सगळं टेबलावर राहतं आणि धुरकट दिसतं. ते नुकसान नाही, ती नुसती राड आहे. खरं नुकसान ओळखायचं असेल तर जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा, मग डोळा टेबलाच्या पातळीला आणून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. प्रतिबिंबाची कड त्या जागेवरून सरळ आणि रेखीव गेली तर टेबल शाबूत आहे. तिथे येऊन ती कड पिसकटली तर पृष्ठभागच खरवडला गेलाय. चमक म्हणजे सपाटपणा, बाकी काही नाही. सपाट पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परततो, खरखरीत पृष्ठभाग तो विखुरतो.

लॅमिनेट खरवडलं जातं ते घासणीने. हिरवी घासणी, स्टीलचा काथ्या, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, आणि ज्याला जादूचा स्पंज म्हणून विकतात तो पांढरा स्पंजसुद्धा. हा स्पंज मऊ लागतो खरा, पण त्याचं काम अतिशय बारीक सॅंडपेपरसारखंच चालतं. चकचकीत लॅमिनेटवर याने मंद चट्टा पडतो. मॅट लॅमिनेटवर उलटं होतं, घासलेली जागा बाकीच्यापेक्षा चकचकीत दिसू लागते. लाकडावरचं पॉलिश पुन्हा चढवता येतं. लॅमिनेटचा सगळ्यात वरचा थर एकदा गेला की तो परत लावायला काही नाही, पत्राच बदलावा लागतो. म्हणून लॅमिनेटवर द्रावक चालेल पण घासणं नको. लाकडाच्या बाबतीत हा नियम जवळजवळ उलटा होतो.

खडबडीत लॅमिनेटच्या खाचांत रंग अडकला असेल तर मऊ टूथब्रश ॲसिटोनमध्ये नुसता बुडवून त्याची टोकं टेकवायची आणि वर आलेला रंग कापसाने टिपायचा. काठाच्या पट्टीपासून मात्र दूर राहायचं. ही पट्टी बहुधा पीव्हीसीची असते, ॲसिटोनने ती फुगते आणि सुरकुतते. शिवाय काठाच्या फटीतून ॲसिटोन आत शिरलं तर पत्रा ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो सुटू शकतो. ठिपका काठाजवळ असेल तर आधी काठावर मास्किंग टेप लावून घ्यावी आणि कापूस जेमतेम ओला ठेवावा.

आणखी एक सावधगिरी. हल्ली आरशासारखं चकाकणारं, लॅमिनेटसारखं दिसणारं पण प्रत्यक्षात ॲक्रिलिकचं असलेलं फर्निचर येतं. पीव्हीसीचा पातळ पडदा ओढून बसवलेली दारं आणि टेबलंही असतात. त्यांच्या कडा गोलसर असतात आणि कुठेही जोड दिसत नाही. या दोन्हींवर ॲसिटोनचा एक थेंबही कायमचा डाग पाडतो. तिथे कार्डाची कड, कोमट हवा आणि साबणाचं पाणी, एवढ्यावरच भागवायचं.

आता लाकूड. मेलामाइन किंवा पीयू असेल तर सुरुवात तीच, कार्डाने सुटेल तेवढं सोडवायचं. नंतर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते नेलपॉलिशला ॲसिटोनसारखं झटकन विरघळवत नाही, पण भिजवून मऊ करतं, आणि मऊ झालेला थर नखाने किंवा बांबूच्या काडीने सरकवता येतो. एवढ्याने भागलं नाही तरच ॲसिटोन नसलेला रिमूव्हर. त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं. ते ॲसिटोनपेक्षा सावकाश उडतं आणि सावकाश चावतं. ते इअरबडला लावून फक्त रंगाच्या आतल्या भागात, तीन ते पाच सेकंद टेकवायचं, उचलायचं, कोरड्या कापसाने टिपायचं. मग मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा तेच. या थांबण्याला महत्त्व आहे. द्रावक थरात झिरपायला वेळ लागतो आणि बाहेर पडायलाही. न थांबता केलेले दहा स्पर्श म्हणजे एका लांबलचक भिजवणीच्या बरोबर.

कधी थांबायचं हे कापूसच सांगतो. कापसावर नेलपॉलिशच्या रंगाऐवजी तपकिरी किंवा पिवळट रंग येऊ लागला, किंवा तो सरकताना अडखळला, तर खालचा थर सुटायला लागलाय. त्या क्षणी हात काढून घ्यायचा आणि ती जागा रात्रभर कशालाही शिवू द्यायची नाही. मऊ झालेलं पॉलिश द्रावक उडून गेल्यावर पुन्हा कडक होतं. पण तोवर कुणी बोट लावून पाहिलं तर बोटाचे ठसे कायमचे राहतात. टेबलं बिघडतात ती बऱ्याचदा द्रावकाने नव्हे, तर ‘बघू वाळलं का’ असं म्हणून लावलेल्या बोटाने.

लाख आणि लॅकर, या दोहोंवर मात्र द्रावक मुळीच नाही. तिथे काम पात्याचं आहे. एक प्रसंग तपशिलाने घेतो, म्हणजे कृती नीट कळेल.

सागवानी टीपॉय, फ्रेंच पॉलिश, वय पन्नासच्या आसपास. घरात लग्न, मुलींचा गोतावळा टीपॉयभोवती बसलेला, आणि लाल रंगाचा रुपयाएवढा ठिपका पडून वाळलेला. मधोमध जाड, कडेला पातळ. पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा इअरबड टेकवला तर तांबूस होऊन आला, म्हणजे लाख नक्की. ड्रायर बाद, कारण उष्णतेने लाख लवकर मऊ पडते. ओलं फडकंही जपून, पाण्याने लाखेवर पांढरे डाग येतात.

कार्डाच्या कडेने मधला जाड भाग टवका होऊन निघाला, त्याबरोबर खालची लाख थोडीही उचकटली नाही, हे नशीब. टवका उडवायची घाई केली तर खालच्या पॉलिशचाही टवका जाऊ शकतो, म्हणून जोर नेहमी ठिपक्याच्या काठाकडून आत, आणि जमेल तितका आडवा. त्यानंतर दाढीचं नवं पातं. त्याच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचा एकेक वेढा द्यायचा, मध्ये ठिपक्यापेक्षा थोडी जास्त रुंद धार उघडी ठेवायची. आता पातं टेबलावर उभं धरलं की धार टेबलाला टेकत नाही. ती टेपच्या जाडीइतकी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगते. पातं बोटांनी दोन्हीकडून धरून किंचित आपल्याकडे कलवायचं आणि आपल्याच दिशेने हलकेच ओढायचं. नेलपॉलिश उंच आहे तेवढंच धारेच्या वाटेत येतं आणि त्याचा लाल भुगा निघतो. आजूबाजूच्या लाखेवरून टेपचे वेढे घसरत जातात, धार तिला लागतच नाही. भुगा निघायचा थांबला की ठिपका टेपच्या जाडीइतका उतरला. जुने कारागीर पॉलिशचे ओघळ याच युक्तीने उतरवतात. भुगा गॅसजवळ किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ झटकू नये, नायट्रोसेल्युलोज भकदिशी पेटतं.

आता उरला तो गुलाबी, पारदर्शक थर. त्यासाठी 2000 नंबरचा पाणी-पेपर, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा, ओला करून वापरायचा पॉलिश पेपर. त्याचा छोटा तुकडा खोडरबरभोवती गुंडाळायचा. बोटाने घासलं तर बोटाच्या उंचवट्याने खड्डा पडतो, खोडरबर सपाट राहतं. लाखेवर पाण्याऐवजी टर्पेंटाइनचे दोन-तीन थेंब घ्यायचे. टर्पेंटाइन वाळलेल्या लाखेलाही विरघळवत नाही आणि नेलपॉलिशलाही नाही. ते इथे फक्त वंगण आहे, पेपरमध्ये भुगा अडकू नये म्हणून. लाकडाच्या नसेच्या दिशेने पाच-सहा हलके हात मारायचे, पुसायचं, उजेडात तिरकं बघायचं. गुलाबी झाक गेली की तिथेच थांबायचं. टीपॉयवर प्लायचं अस्तर, म्हणजे व्हिनिअर असतं तर इथे आणखी जपावं लागलं असतं. ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाड असतं, आणि पेपर पॉलिशमधून खाली उतरला तर खालचं पांढरं लाकूड दिसायला वेळ लागत नाही.

या घडीला ठिपका गेलेला असतो, पण तिथे बारीक ओरखड्यांचा मंद चट्टा असतो. घाबरायचं कारण नाही, हा आपण मुद्दाम आणि मोजून केलेला खरखरीतपणा आहे, आणि तो आपल्याच हातात आहे. मोटारींसाठी मिळतं तसं बारीक पॉलिशिंग कंपाउंड मऊ कपड्यावर मटाराएवढं घ्यायचं आणि चट्ट्यापासून सुरुवात करून भोवती वीतभर जागेत हलक्या हाताने फिरवायचं. फक्त चट्ट्यावरच घासत बसलं तर तेवढीच जागा वेगळी चमकते. शेवटी मेणाचं फर्निचर पॉलिश. त्या टीपॉयवर तिरक्या उजेडात निरखून पाहिलं तर ती जागा कळते, समोरून बघणाऱ्याला कळत नाही. याहून जास्त हवं असेल तर पॉलिशवाल्याला बोलवावं. लाखेचा मोठा गुण हा की तिच्यावर चपड्याचा नवा हात मारला की त्यातलं स्पिरिट जुन्या लाखेला ओलं करतं आणि दोन्ही थर एकजीव होतात, जोड दिसत नाही. लॅकरही असाच, नवा थर जुन्यात मिसळतो. पीयू मात्र मिसळत नाही. त्यावर ठिगळ लावलं तर कडेला वर्तुळ दिसतं, म्हणून प्रामाणिक कारागीर अख्खा पाटच पुन्हा करायला सांगतो. जे पॉलिश सगळ्यात नाजूक, तेच दुरुस्तीला सगळ्यात सोपं.

पावसाळ्यात हे दुरुस्तीचं काम पुढे ढकललेलं बरं. मुंबईत किंवा कोकणात जुलैच्या हवेत लाखेचा किंवा लॅकरचा हात मारला तर द्रावक झरझर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थरात पांढुरकं धुकं अडकतं. रिमूव्हर लागलेल्या जागेवर उठणारा पांढरा ढग अनेकदा हाच असतो. त्याला लगेच घासायला जाऊ नये. हवा कोरडी झाल्यावर यातलं बरंचसं धुकं आपणहून उतरतं, आणि उरलंच तर कारागीर सावकाश उडणाऱ्या थिनरचा पातळ हात मारून ते काढतो.

पार्लरमध्ये किंवा घरच्या छोट्या दिव्याखाली पिकवतात त्या जेल पॉलिशला वरचं सगळं लागू नाही. तो ॲक्रिलेटचा थर आहे आणि अतिनील प्रकाशात त्याची जाळी पक्की विणली जाते. ॲसिटोन त्याला विरघळवत नाही, पाच-दहा मिनिटं भिजवल्यावर फक्त फुगवतं. नखावर कापूस गुंडाळून बसावं लागतं ते त्यासाठी. एवढा वेळ लाकडावर ॲसिटोन ठेवणं शक्य नाही, म्हणून तिथे पुन्हा टेप लावलेलं पातंच. लॅमिनेटवर जेल बहुधा कार्डानेच टवका होऊन निघतं. पण जेल सांडलं आणि दिव्याखाली गेलंच नाही, तर ते आपणहून वाळत नाही, नुसतं चिकट राहतं. ते कोरड्या कापसाने टिपून उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढता येतं, फक्त लाखेच्या टेबलावर ते अल्कोहोल नको. ऊन यायच्या आधी हे उरकावं, कारण खिडकीतून येणाऱ्या उन्हातही अतिनील किरण असतात आणि जेल जागच्या जागी पिकू लागतं.

चमकी असलेल्या नेलपॉलिशमध्ये प्लास्टिकच्या बारीक चकत्या असतात. त्या कशातच विरघळत नाहीत, आणि कापसाखाली सरकल्या की ओरखडे काढतात. तिथे चिकटपट्टीचा उपयोग होतो. थर मऊ झाल्यावर सेलोटेप वरून दाबून उचलली की चकत्या तिला चिकटून येतात. जुन्या लाखेवर मात्र ही टेप हलकेच दाबावी, कारण पॉलिश सैल झालेलं असेल तर तेही सोबत येतं.

आणि काही ठिपके काढूच नयेत. टेबलाचं पॉलिश आधीच झिजलेलं असेल, कोरं लाकूड उघडं पडलेलं असेल आणि त्यावर गडद नेलपॉलिश सांडलं असेल, तर रंग लाकडाच्या छिद्रांत उतरलेला असतो. वरचा पापुद्रा पात्याने गेला तरी नसेच्या रेघांत लाल रंग दिसत राहतो. द्रावक लावलं की तो आणखी खोल आणि आणखी रुंद जातो. इथे घरचे उपाय वरच्या पापुद्र्यापाशीच थांबवायचे. पुढे पाट घासून नवं पॉलिश करणं हाच मार्ग आहे, आणि तोही ज्या टेबलाला एरवीच पॉलिशची गरज आली होती त्याचाच.